क्रेट-पॅलेट परत कसे मागायचे आणि डिपॉझिट पुढच्या बिलात वजा कसं दाखवायचं

लातूर, नांदेड, जालना, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत छोटं युनिट टाकलेलं असेल आणि खोक्याऐवजी प्लास्टिकचे क्रेट वापरायला सुरू केले असतील तर पहिले दोन महिने भारी वाटतंय, तिसऱ्या महिन्यात गोडाऊनमधला माणूस येऊन म्हणतो साहेब माल तयार आहे पण भरायला क्रेटच नाहीत. क्रेट कुठं गेले? गिऱ्हाइकांकडं. ते द्यायला नाही म्हणत नाहीत, फक्त त्यांना परत द्यायची घाई नसते, आणि आपण मागतो पण "क्रेट पाठवा की शेठ" एवढंच म्हणतो, किती, कुठले, त्याचे पैसे कुठं वजा होणार हे काहीच सांगत नाही. हे लिहिलंय ते नवीन माणसासाठी, म्हणजे युनिटचा मालक असो नाहीतर बिलिंगला नुकता लागलेला पोरगा असो.

सगळं एकाच उदाहरणावर सांगतो म्हणजे गोंधळ नको. समजा लातूरला फिनाईल आणि फ्लोअर क्लीनर बनवणारं युनिट आहे, माल उदगीरच्या एका डीलरला जातो. एक लिटरच्या बाटल्या, एका क्रेटात २०. खोक्यात एखादी बाटली गळली की खालची दोन खोकी बसतात म्हणून क्रेट घेतले. क्रेट ६०० बाय ४०० मिलिमीटरचे आणि पॅलेट १२०० बाय १००० चा, म्हणजे एका थरात बरोबर ५ क्रेट बसतात आणि पाच थर लावले की २५ क्रेटचा एक पॅलेट होतो. हा हिशोब लक्षात ठेवा, मोजणीला लई कामाला येतो.

पायरी १: क्रेट आपला आहे हे क्रेटवरच दिसलं पाहिजे

बाजारात निळे, लाल, हिरवे क्रेट सगळ्यांकडंच आहेत, टमाट्यावाल्याकडं, दूधवाल्याकडं, बेकरीवाल्याकडं, आणि लोक त्याला कॅरेट म्हणतेत नि जो हाताला लागेल तो उचलतेत. त्यामुळं मार्करनं नाव लिहून भागत नाही, फिनाईलच्या धंद्यात तर मार्कर आठ दिवसांत पुसून जातो. क्रेट बनवून घेतानाच साच्यात नाव उमटवून घ्या, आणि क्रेट कमी घ्यायचे असतील म्हणून सप्लायर नाही म्हणाला तर लोखंडी अक्षरांचा ठसा तापवून दोन बाजूला मारून घ्या. नावाखाली नंबर पण टाका. प्रत्येक नंबर रोज लिहीत बसायचं नाही, ते कुणाच्यानं होत नाही, पण वाद झाला की नंबर लागतोच.

पॅलेट लाकडी असेल तर खालच्या पट्टीवर रंगानं नाव टाका, वरच्या फळीवर टाकलं तर चार फेऱ्यांत घासून जातं.

पायरी २: डिपॉझिट किती ठेवायचं आणि पहिल्या दिवशी काय बोलून घ्यायचं

क्रेट तुम्हाला समजा ३५० ला पडतो. डिपॉझिट १०० ठेवलं तर गिऱ्हाइकाला १०० रुपयांत चांगला क्रेट मिळाल्यासारखं होतं, तो कशाला परत देईल? त्यात तूर ठेवतील, लग्नाला पाण्याच्या बाटल्या नेतील, दुकानापुढं उलटा टाकून बसतील. उलट पूर्ण ३५० लावले तर माल घ्यायच्या आधीच घासाघीस सुरू होते. माझ्या मते किमतीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास बरं पडतं, म्हणून इथं क्रेटला २५० आणि पॅलेटला १००० धरलेत. पॅलेटचं डिपॉझिट किमतीच्या मानानं कमी चालतं कारण पॅलेट घरी नेऊन कुणाला फार काही करता येत नाही, क्रेटचं तसं नाही.

पहिल्या दिवशी एका पानावर पाच-सहा ओळी लिहून त्यावर डीलरची सही-शिक्का घ्या. क्रेट-पॅलेट आमच्या मालकीचे, विकलेले नाहीत. डिपॉझिट अमुक. चांगल्या स्थितीत परत आले की पुढच्या बिलात पूर्ण वजा. फुटलेला किंवा ६० दिवसांत न आलेला क्रेट डिपॉझिटच्या रकमेला विकला असं धरून बिल होणार. रिकामे क्रेट गाडीत चढवायची हमाली कोण देणार. ही शेवटची ओळ लोक सोडून देतेत आणि नंतर तीच आडवी येते, गाडी उभी असते, हमाल म्हणतो रिकामं चढवायचे पैसे कोण देणार, ड्रायव्हर म्हणतो मला उशीर व्हायलाय, आणि गाडी तशीच निघून येते. कोण देणार ते आधी ठरवा, तुम्ही दिली तरी हरकत नाही, पण ठरलेलं पाहिजे.

अजून एक. डिपॉझिट उधारीवर ठेवू नका. मालाला १५ दिवसांची, महिन्याची उधारी देतो तसं डिपॉझिट पण उधार ठेवलं तर ते नुसतं कागदावरचं डिपॉझिट झालं, गिऱ्हाइकानं पैसे भरलेच नाहीत तर क्रेट परत द्यायची त्याला घाई कशाला असेल. पहिल्या दोन फेऱ्यांचं डिपॉझिट तरी आधी बँकेत येऊ द्या. दोन फेऱ्यांचं का म्हणतोय ते पाचव्या पायरीत कळेल.

जुने गिऱ्हाईक असेल, ज्याच्याकडं विना डिपॉझिटचे क्रेट आधीच पडलेत, तर एक दिवस जाऊन मोजून घ्या, समजा ३० निघाले, तर लिहून घ्या की पहिले ३० क्रेट जे परत येतील ते या जुन्या खात्यात, शून्य डिपॉझिटनं. हे नाही केलं तर जुनाच क्रेट परत करून नवीन डिपॉझिटचे २५० मागतील आणि तुमच्याकडं नाही म्हणायला कागद नसेल.

पायरी ३: पहिलं बिल

पहिल्या फेरीत ५० क्रेट गेले, २ पॅलेटवर. १००० बाटल्या, ६० रुपये दर, ६०,००० चा माल. जीएसटी १८ टक्के म्हणजे १०,८००. बिल झालं ७०,८००. इथं बिलाची बेरीज संपली, आता खाली एक रेघ मारा आणि रेघेखाली डिपॉझिट लिहा: ५० क्रेट गुणिले २५० म्हणजे १२,५००, २ पॅलेट गुणिले १००० म्हणजे २,०००, एकूण १४,५००. सगळ्यात खाली एकूण देणं ८५,३००.

रेघेच्या वर आणि खाली हा फरक दिसायला साधा आहे पण सगळं त्याच्यावरच उभं आहे. परत द्यायचं डिपॉझिट ही मालाची किंमत नाही. सीजीएसटी कायदा २०१७, कलम २ (३१) मध्ये तसं सरळ लिहिलंय, की डिपॉझिट हे मालाचा मोबदला धरायचं नाही, जोपर्यंत विकणारा ते डिपॉझिट मोबदला म्हणून वळतं करून घेत नाही. म्हणजे परत येणाऱ्या क्रेटच्या डिपॉझिटवर जीएसटी लागत नाही. पण बिलिंगच्या पोरानं क्रेट मालाच्या लिस्टमध्ये एक आयटम म्हणून टाकला की सॉफ्टवेअर त्याच्यावर १८ टक्के लावून मोकळं होतं, मग परत आल्यावर क्रेडिट नोट काढा, रिटर्नमध्ये दाखवा, दर महिन्याला तोच उद्योग. म्हणून क्रेट कधीच आयटममध्ये टाकायचा नाही, जोपर्यंत तो खरंच विकला जात नाही.

टॅलीमध्ये प्रत्येक पार्टीचं एक वेगळं डिपॉझिट लेजर उघडा, ते `Current Liabilities` खाली टाका, कारण हे पैसे आपले नाहीत, परत द्यायचेत. डिपॉझिट लावताना जर्नलनं पार्टी डेबिट, डिपॉझिट लेजर क्रेडिट. वजा करताना उलटं. नफ्या-तोट्याच्या खात्याला याचा हात लागू द्यायचा नाही. ई-इनव्हॉइस निघत असेल तर त्यात फक्त रेघेच्या वरचं जातं, खालचा भाग हा आपल्या प्रिंटमधला खाते-उतारा आहे.

मालाच्या बिलावर किंवा सोबतच्या चलनावर "परत येणारे क्रेट ५०, पॅलेट २, विक्रीसाठी नाहीत" एवढी ओळ टाका आणि उतरून घेणाऱ्याची सही त्या ओळीपाशी घ्या, बिलाच्या कोपऱ्यात नको.

पायरी ४: मागायचं कसं

आता मुख्य. मागणं दोन माणसांना करायचं असतं, मालकाला आणि जो गोडाऊन बघतो त्याला. मालक पैसे समजतो, गोडाऊनवाला क्रेट कुठं पडलेत ते जाणतो. बहुतेक जण फक्त मालकाला फोन करतेत, मालक म्हणतो "हो हो, घेऊन जा", आणि गाडी गेली की मुनीम म्हणतो अजून रिकामेच केले नाहीत, माल क्रेटातच आहे.

गाडी जायच्या दोन दिवस आधी मालकाला व्हॉट्सॲप टाका, असा:

"नमस्कार शेठ. तुमच्याकडं आमचे ५० क्रेट आणि २ पॅलेट आहेत (बिल नं. ११२ चे). डिपॉझिट जमा १४,५०० रु. शुक्रवारी आपली गाडी माल घेऊन येतीय, रिकामे क्रेट तेव्हाच परत नेईल. जेवढे येतील त्याची पावती जागेवर मिळेल आणि ती रक्कम त्याच्या पुढच्या बिलात वजा दिसेल. सगळे आले तर १४,५०० वजा. हमाली आमच्याकडं."

बघा, यात कुठंही "कृपया सहकार्य करावे" नाही. आकडा आहे, बिल नंबर आहे, दिवस आहे, आणि किती पैसे कमी होणार ते आहे. "क्रेट परत द्या" ही मागणी वाटते, "तुमचे १४,५०० आमच्याकडं पडलेत" हे त्याच्या कामाचं वाटतं.

मग आदल्या दिवशी संध्याकाळी गोडाऊनवाल्याला फोन. त्याच्याशी पैशाचं बोलायचं नाही, त्याला विचारायचं, "दादा, किती रिकामे झालेत? एका जागी पाच-पाचच्या थप्प्या लावून ठेवता का, उद्या दुपारी गाडी यायलीय." तो म्हणाला, "चाळीसेक असतील, बाकीच्यात माल हाय अजून," तर ठीक, ४० साठी जागा ठेवा. पण त्याच्या तोंडी आकड्यावर काहीही वजा करायचं नाही, मोजल्याशिवाय एक रुपया नाही.

पहिल्या वेळी क्रेट दिले नाहीत तर चिडायचं नाही, दुसऱ्या मेसेजमध्ये तारीख टाका: "यातले ५० क्रेट अमुक तारखेला ६० दिवसांचे होतील, त्याआधी आले तर पूर्ण वजा." हे धमकी म्हणून नाही, पानावर सही केलीय त्याची आठवण म्हणून. आणि साठ दिवस उलटल्यावर खरंच बिल करायची तयारी असेल तरच लिहा. एकदा लिहून सोडून दिलं की पुढं तुमच्या तारखेला कुणी विचारत नाही.

पायरी ५: गाडीपाशी मोजणी, आणि एका फेरीचा फरक

इथंच नवीन लोकांची आणि डीलरची पहिली भांडणं होतेत, म्हणून जरा नीट वाचा.

दुसरी फेरी गेली. ४० क्रेट, २ पॅलेट, माल ४८,०००, जीएसटी ८,६४०, बिल ५६,६४०, नवीन डिपॉझिट ४० गुणिले २५० म्हणजे १०,००० अधिक पॅलेटचे २,०००, एकूण १२,०००. हे बिल लातूरलाच छापून गाडीसोबत गेलं. रिकामे क्रेट मोजले जाणार उदगीरला, माल उतरल्यावर. म्हणजे आज परत घेतलेले क्रेट आजच्या बिलात वजा दिसूच शकत नाहीत, ते तिसऱ्या बिलात दिसणार. डीलर बिल बघतो आणि म्हणतो, "अहो क्रेट तर द्यायलोय की आत्ता, मग वजा कुठं केलेत?" त्याचं चूक नाही, आपण आधी सांगितलेलं नसतं.

यामुळं डीलरचे कायम साधारण दोन फेऱ्यांचे पैसे डिपॉझिटमध्ये अडकून राहतात. इथं पहिल्या फेरीचे १४,५०० आणि दुसरीचे १२,०००, म्हणजे २६,५००. हे पहिल्या दिवशीच सांगा, आकडा करून सांगा. काही जण यावर उपाय म्हणून "येतीलच की" म्हणत आजच्या बिलात आधीच वजा दाखवतात, ते करू नका, क्रेट ४६ आले आणि बिलात ५० वजा झालेले असले की पुढची दोन बिलं तेच निस्तरण्यात जातात. एवढे पैसे अडकवायला डीलर तयारच नसेल तर मधल्या दिवशी दुसऱ्या गावाहून रिकामी परत येणारी गाडी उदगीरवरनं फिरवा, क्रेट आधी येतील आणि लगेचच्या बिलात वजा होतील. डिझेल बघून ठरवा.

मोजायचं असं: क्रेट पाच-पाचच्या थप्पीत लावून घ्या आणि थप्प्या मोजा, वरनं सुटे मोजा. बाहेरनं भिंतीसारखी लावलेली रास दिसली की मधल्या थप्प्या बाहेर काढायला लावा, मधे चारचीच थप्पी असते कधी कधी, मुद्दाम नाही, घाईत तसं होतं. प्रत्येक क्रेटवर आपलं नाव आहे का बघा. दुसऱ्याचा क्रेट आला तर घेऊ नका, "एकच तर आहे" म्हणून घेतला की तो आपल्या गोडाऊनमध्ये नुसता पडून राहतो आणि आपला एक बाहेर राहतो.

मग पावती. कार्बनचं बुक ठेवा, तीन प्रती: एक डीलरला, एक ड्रायव्हरकडं गाडीत, एक ऑफिसला. पावतीवर नंबर, तारीख, चांगले किती, फुटलेले किती, पॅलेट किती, दोघांच्या सह्या. आपल्या उदाहरणात पावती क्र. २७: क्रेट चांगले ४४, फुटलेले २, पॅलेट २. म्हणजे परत आले ४६ आणि डीलरकडं जुन्यातले ४ राहिले. फुटलेल्याचा फोटो तिथंच काढा, नंबर दिसेल असा, आणि डीलरला तिथूनच पाठवा. लातूरला आल्यावर "दोन फुटले होते" म्हटलं तर तो म्हणणार गाडीत फुटले असतील, आणि असू पण शकतात.

पावतीसोबत रिकाम्या क्रेटचं डिलिव्हरी चलन पण गाडीत पाहिजे, "परत जाणारे रिकामे क्रेट, विक्री नाही" असं लिहिलेलं, जीएसटी नियम ५५ मध्ये विक्रीशिवाय माल हलवायला चलनच लागतं. महाराष्ट्राच्या आत ई-वे बिल एक लाखाच्या वर लागतं, ४६ क्रेटची किंमत तिथवर जात नाही. पण उदगीर-देगलूरकडच्या लोकांचं गिऱ्हाईक बिदरला किंवा निजामाबादला असतं, तिथं राज्याची हद्द ओलांडली की मर्यादा ५०,००० ची, तेवढं मोठ्या लॉटला ध्यानात ठेवा.

पायरी ६: वजावट दाखवणारं बिल

तिसरी फेरी. माल परत ४० क्रेट, २ पॅलेट, ४८,०००. आता बिल असं दिसलं पाहिजे:

माल: ४८,०००.००
२ फुटलेले क्रेट, विक्री: ४२३.७३
जीएसटी १८%: ८,७१६.२७
बिल एकूण: ५७,१४०.००
(रेघ)
नवीन डिपॉझिट, ४० क्रेट + २ पॅलेट: + १२,०००
परत आले, पावती क्र. २७, ४६ क्रेट: − ११,५००
परत आले, पावती क्र. २७, २ पॅलेट: − २,०००
या बिलाचं देणं: ५५,६४०
(रेघ)
तुमच्याकडं शिल्लक: क्रेट ८४, पॅलेट ४. डिपॉझिट जमा: २५,०००

शेवटच्या ओळीचा ताळा करून बघा. क्रेट ५० अधिक ४० अधिक ४० वजा ४६ म्हणजे ८४, गुणिले २५० म्हणजे २१,०००. पॅलेट २ अधिक २ अधिक २ वजा २ म्हणजे ४, त्याचे ४,०००. बेरीज २५,०००. आणि पैशाकडनं आलं तरी २६,५०० अधिक १२,००० वजा १३,५०० म्हणजे २५,०००च. दोन्हीकडनं एकच आकडा आला पाहिजे. नाही आला तर बिल पाठवू नका, कुठंतरी एक पावती राहिलीय नाहीतर दोनदा टाकलीय.

नवीन डिपॉझिट १२,००० आणि वजा १३,५०० आहे तर सरळ "डिपॉझिट फरक − १,५००" एवढीच ओळ टाकायचा मोह होतो, बिल छोटं होतं ना. पण मग डीलरला फक्त १,५०० कमी झालेले दिसतात, त्याला वाटतं मी एवढे क्रेट दिले आणि दीडच हजार? दोन्ही ओळी वेगळ्या आणि पूर्ण दाखवा, पावती नंबरासकट, म्हणजे तो आपल्याकडची पावती काढून जुळवू शकतो. पावतीवर ४६ आणि बिलात ४६ हे एकदा त्यानं स्वतः जुळवलं की पुढच्या वेळी गोडाऊनवाल्याला तोच सांगतो क्रेट गोळा करून ठेव म्हणून.

तुमची बिलं लांब लांब होत असतील, महिन्याला एखादंच, तर पुढच्या बिलाची वाट बघायला लावू नका, क्रेट आले त्याच दिवशी जर्नल टाका आणि खाते-उतारा पाठवा, बिलात ती ओळ "आधीच वजा, अमुक तारीख" अशी येऊ द्या.

पायरी ७: फुटलेले दोन आणि न आलेले चार

वरच्या बिलात फुटलेले २ क्रेट परत आलेल्या ४६ मध्येच धरलेत, म्हणजे त्यांचं डिपॉझिट ५०० पूर्ण वजा दिलं, आणि वर विक्री म्हणून ५०० चं बिल केलं. डीलरच्या खिशाला फरक शून्य, मग एवढा खटाटोप कशाला? कारण डिपॉझिट गपचूप कापून घेतलं तर ते आपल्या लेजरमध्ये कायमचं लटकत राहतं, वर्षाच्या शेवटी ऑडिटला सीए विचारतो हे ५०० कुणाचे, आणि डिपॉझिट क्रेटची किंमत म्हणून ठेवून घेतलं की त्यावर कर आला, ते कलम २ (३१) चं शेवटचं वाक्य इथंच लागू होतं. प्लास्टिक क्रेटचा एचएसएन ३९२३, दर १८ टक्के. २५० मध्ये जीएसटी धरलेलाच आहे असं ठरलेलं असेल तर ५०० भागिले १.१८ म्हणजे ४२३.७३ आणि कर ७६.२७. डीलर जीएसटीत असेल तर बिलावर त्याला हा कर दिसतो तरी, नुसतं कापलं असतं तर काहीच दिसलं नसतं.

फुटलेला म्हणजे काय हे पण ठरवून ठेवा. कानाला, म्हणजे उचलायच्या मुठीला तडा गेलेला असेल किंवा तळ फाटला असेल तर बाद, कारण २२ किलो वजन घेऊन तो पुढच्या थप्पीत खाली लागला की वरचे चार पण खाली येणार. ओरखडे, रंग उडालेला, फिनाईलचा वास, हे सगळं चालतं, त्याचे पैसे कापायचे नाहीत. आणि क्रेट खडखडीत, ठिसूळ होऊन फुटला असेल, दाबला की कडकन तुटतो, तर तो बहुतेक उन्हात पडून राहिलेला असतो. आपल्याकडं एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर ठेवलेला क्रेट लवकर जातो. तिकडं एकदा जाऊन बघा कुठं ठेवतेत, पत्र्याच्या सावलीत ठेवायला सांगा, आणि क्रेट घेतानाच यूव्ही टिकणारा माल मागा. आपलाच क्रेट चार-पाच वर्षांचा झालेला असेल तर डीलरच्या माथी मारू नका.

न आलेल्या ४ चं लगेच काही करायचं नाही. ते शिल्लकमध्ये दिसतायत तेवढं पुरे. ६० दिवस झाले की आठवण, मग आठ दिवस, आणि मग तसंच विक्रीचं बिल आणि डिपॉझिट वजा. बिल झाल्यावर तो क्रेट डीलरचा झाला, नंतर घेऊन आला तर आपण घ्यायला बांधील नाही. चांगल्या गिऱ्हाइकाचा आम्ही घेतो, पण क्रेडिट नोट काढून, हातावर पैसे देऊन नाही.

पायरी ८: महिन्याचा मेळ

महिन्यातून एकदा तीन आकडे एका ओळीत लिहा: एकूण विकत घेतलेले क्रेट, आपल्या गोडाऊनमधले क्रेट, सगळ्या डीलरांकडचे क्रेट. बाद आणि विकलेले वजा करून पहिला आकडा बाकीच्या दोघांच्या बेरजेएवढा आला पाहिजे. बेरीज कमी आली तर क्रेट डीलरकडं नाही, वाटेत किंवा आपल्याच आवारात गेलाय. आधी आपलं आवार बघा, मशीनच्या मागं, बाथरूममध्ये, कामगारांच्या डब्यांखाली, दहा-बारा तिथंच निघतात.

काही खुणा लक्षात ठेवा. एकाच ड्रायव्हरच्या पावतीवर दर वेळी ४०, ३०, ५० असे गोल आकडे येत असतील तर तो मोजत नाही, विचारून लिहितो. एखाद्या डीलरची शिल्लक त्याच्या दोन फेऱ्यांपेक्षा बरीच वर गेली तर त्यानं क्रेट दुसऱ्या कामाला लावलेत, किंवा आपला माल पुढं छोट्या दुकानांना क्रेटासकट पाठवतोय, आणि हे दुसरं जास्त होतं. तेव्हा त्याला भांडून उपयोग नाही, दुकानदाराकडनं त्यानं पण डिपॉझिट घ्यावं हे त्याला समजावून सांगा, तुमच्या पावतीबुकाचा एक गठ्ठा देऊन टाका. आणि एका डीलरकडं शिल्लक उणे दिसली, म्हणजे दिले त्यापेक्षा जास्त परत आले, तर दुसऱ्या गावचे क्रेट ड्रायव्हरनं याच्या पावतीवर लिहिलेत. एका फेरीत उदगीर, अहमदपूर, निलंगा असं फिरताना होतं असं, त्या दिवसाच्या सगळ्या पावत्या काढून बघितल्या की सापडतं.

डीलरनं माल घेणं बंद केलं तर "पुढचं बिल" येणारच नाही, मग वजा कशात करणार? सगळे क्रेट मोजून घ्या, फुटक्याचं बिल करा, मालाची बाकी असेल तर ती डिपॉझिटमधनं वळती करायची का हे त्याच्याकडनं लिहून घ्या, आणि उरलेली रक्कम बँकेतनं परत करा, आठवड्याच्या आत. उदगीर-लातूरच्या बाजारात कुणी कुणाचं डिपॉझिट अडकवलं ही बातमी गाडीच्या आधी पोचते.